देकारावर 'भार' टाकला, पण नक्की काय टाकलं?

उत्तरेश्वर_पेठ
मंडळी, नमस्कार. कोल्हापुरातल्या एका संस्थेच्या नव्या इमारतीत बीएमएस, म्हणजे एसी, पंप, पंखे एका पडद्यावरून चालवायची यंत्रणा, बसवायची आहे. तीन देकार आलेत आणि सल्लागारांनी निविदा मूल्यमापनाचा अहवाल इंग्रजीत दिलाय. विश्वस्तांसाठी त्याचं मराठी मी करतेय. अडलेय एकाच शब्दावर, तो म्हणजे 'लोडिंग'.

अहवालातलं वाक्य मी असं केलं होतं: "ब यांच्या ४९ लाखांच्या देकारावर ९.४ लाखांचा भार टाकण्यात आला." काल बैठक झाली. एका विश्वस्तांनी विचारलं, "इमारतीचा विजेचा भार एवढा वाढतोय होय?" दुसरे म्हणाले, "४९ ला करतो म्हणणाऱ्याला आपण ५८.४ का द्यायचे?" दोघांची चूक नाही. त्याच पानावर वर 'चिलरचा भार' आहे, खाली तांत्रिक गुणांचे 'भारांक' आहेत आणि मधोमध माझा हा 'भार'. एका पानावर तीन भार म्हटल्यावर वाचणारा कोलमडणारच. चांगला शब्द सुचवा. परवा पुन्हा बैठक आहे.

बिंदू_चौक
ताई, 'भार' बरोबरच आहे. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये पाटी आहे, ८ माणसं, ५४४ किलो. त्याला भारक्षमताच म्हणतात. लिफ्टच्या वेळी आम्हीपण तीन कोटेशन घेतली होती. सगळ्यात स्वस्त घेतलं आणि आता दर महिन्याला दाराचा सेन्सर जातोय. तुम्ही तसं करू नका.

उत्तरेश्वर_पेठ
दादा, हा भार किलोतला नाही हो. रुपयातला आहे.

शुद्धमती
अधिभार. तयार शब्द आहे, वीजबिलावर रोज दिसतो. नवीन टांकसाळ उघडायची गरज नाही.

निवृत्त_अभियंता
अधिभार नको. अधिभार खरोखर वसूल होतो. ही रक्कम कुणी कुणाला देत नाही, ती फक्त तुलनेच्या कागदावर असते. दुसऱ्या विश्वस्तांचा गोंधळ झाला तो इथेच. 'अधिभार' लिहिलंत तर पहिल्यांचाही तोच होईल.

ताई, ९.४ लाख कशाकशाचे आहेत तेवढं सांगा. वस्तू कळल्याशिवाय नाव कसं ठेवणार?

उत्तरेश्वर_पेठ
सांगते. सल्लागारांच्या साहेबांनी मला कागदावर काढून दाखवलं म्हणून कळलं.

निविदेत ४२० हार्ड पॉइंट मागितले होते, म्हणजे प्रत्यक्ष वायर ओढून कंट्रोलरला जोडायचे सिग्नल. त्याशिवाय वीजमीटरवरून मॉडबसने येणारी १६० रीडिंग. ब यांनी पहिल्याच पानावर ठळक लिहिलं, "एकूण ५०० पॉइंट." वाचताना ४२० पेक्षा जास्तच वाटतात. पण त्या पाचशेत मीटरची १६० धरलेली आहेत, म्हणजे वायरचे राहिले ३४०. ८० कमी.

कुठले कमी, तेही त्यांनी दाखवलं. एका एएचयूला, म्हणजे थंड हवा खेळवणाऱ्या यंत्राला, नऊ पॉइंट हवेत: जाणाऱ्या आणि परतणाऱ्या हवेचं तापमान, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह, पंख्याचा वेग, चालू-बंदची आज्ञा, चालू आहे का, ट्रिप झालाय का, फिल्टर चोंदलाय का आणि पॅनेलवरचा स्विच ऑटोवर आहे की मॅन्युअलवर. ब यांनी शेवटचे दोन गाळले. चौदा एएचयूंचे तिथेच २८ गेले, बाकीचे पंप, पंखे आणि टाक्यांमधले.

त्या ८० पॉइंटांचे, दर ४,५०० ने, ३.६ लाख. चिलर बीएमएसला जोडायचा गेटवे त्यांनी "इतरांकडून" असं लिहून सोडलाय, त्याचे १.८. चार वर्षांच्या देखभालीत सुटे भाग धरलेले नाहीत, त्याचे ४. झाले ९.४.

अ यांनी सगळं धरलंय, ते ५८ वरच राहिले. क यांचा देकार ५३ चा, पण सॉफ्टवेअरचा परवाना ५०० पॉइंटांचाच आणि आपल्याला लागणार ५८०. त्याचे २.१ घातले, झाले ५५.१. तांत्रिक गुणांत तिघेही ७० च्या वर, म्हणून शेवटी क यांची शिफारस.

तिकटीवरचा
नाद खुळा हिशोब! पण ४,५०० चा दर कुणाचा? ब चाच दर धरायचा की. दुसऱ्याचा दर त्याच्या गळ्यात का?

निवृत्त_अभियंता
बहुधा इतर देकारांतला सर्वांत चढा दर असणार. रीत तीच आहे. एखादी बाब गाळली तर ती चढ्या दराने मोजतात, म्हणजे गाळण्यात कुणाला फायदा उरत नाही. मात्र ही रीत निविदेच्या अटींत आधी छापलेली हवी. किमतीचे लिफाफे फोडल्यावर कुणी असा नियम काढला तर ब भांडायला मोकळा, आणि ते भांडण जिंकायलाही मोकळा.

उत्तरेश्वर_पेठ
हो, ४,५०० अ यांचाच. अटींतही आहे. ब यांचा स्वतःचा दर ३,००० आहे.

निवृत्त_अभियंता
मग तोही धरून बघा. ८० गुणिले ३,००० म्हणजे २.४ लाख. ब होतील ५७.२, अ च्या खाली जातील. पण क ५५.१ वर आहेत, ते पहिलेच राहतात. दर कुणाचाही धरा, शिफारस हलत नाही. एवढं एक वाक्य अहवालात असतं तर निम्मी बैठक वाचली असती.

आणि तो ऑटो-मॅन्युअलचा पॉइंट किरकोळ समजू नका. मी स्वतः एका इमारतीत अर्धी रात्र घालवली आहे. पडद्यावरून पंखा चालू करतोय, आज्ञा जातेय, पंखा हलत नाही. वायरी तपासल्या, कंट्रोलर बदलला. शेवटी खाली जाऊन बघतो तर वायरमननं दुपारी स्विच मॅन्युअलवर केला होता आणि तसाच ठेवून घरी गेला होता. तो पॉइंट असता तर पडद्यावर दोन सेकंदात दिसलं असतं.

बिंदू_चौक
आमच्या लिफ्टलापण असलं काहीतरी असणार.

गुऱ्हाळघर
शब्दाचं बोला की. आमच्याकडं ह्याला शब्द हाय, फक्त उलटा. वडील गूळ घालायला बाजारात जायचे तवा अडत्या वजनातनं कडता धरायचा. रव्याचं वजन एक, पट्टीवर लिहिलेलं दुसरं. हितं वजा होत न्हाई, वाढतंय. मग 'उलटा कडता' म्हणा!

शुद्धमती
विश्वस्तांच्या अहवालात 'उलटा कडता'? काहीतरीच. 'तुलनात्मक समायोजन' लिहावे. निविदेसारखा देखणा शब्द आपल्याकडे आहे, वेदातल्या 'निविद्' मंत्रांपासून आलेला. त्याच्या पंगतीला शोभेल असं काही द्या.

मोडी_वाचक
ताई, वेदातले निविद् वेगळे हो. यज्ञात म्हणायच्या स्तुतींत मधे घालायची ती छोटी वाक्यं. धातू एकच, विद्, एवढं खरं. पण निवेदन केलं ती निविदा, इतकं सरळ आहे ते. त्यासाठी यज्ञात जायला नको. आणि 'समायोजन' म्हणजे काहीही. सरकारी कागदात शिक्षकांचंसुद्धा समायोजन होतं.

माझा शब्द: पासंग. 'त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' म्हणतो तोच. तराजूची पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला दगड बांधतात, तो पासंग. त्यातला 'संग' फारसी, म्हणजे दगड. संगमरवरातला तोच. तीन देकार एका पातळीत आणायला वर घातलेली रक्कम, अर्थ चपखल बसतो.

शुद्धमती
फारसी! मग 'लोडिंग'नेच काय घोडं मारलंय?

तिकटीवरचा
तेच म्हणतोय मी मघापासून. 'लोडिंग' लिवा आन् मोकळं व्हा. टेंडर, बिल, चेक, पॉइंट सगळं चालतंय, ह्याच्यावरच सोवळं का?

उत्तरेश्वर_पेठ
तिकटीवरचे दादा, विश्वस्तांतले एक ट्रान्सपोर्टवाले आहेत. त्यांच्या लेखी लोडिंग म्हणजे ट्रक भरणं.

निवृत्त_अभियंता
पासंगाला माझी तांत्रिक हरकत आहे. पासंग हा तराजूचा दोष झाकायला असतो. इथे तराजू नीट आहे, माल अपुरा आहे. त्यापेक्षा 'धडा' जवळचा. तेल मोजताना रिकाम्या भांड्याचं वजन काढायला समोरच्या पारड्यात काहीबाही ठेवतात, तो धडा.

मोडी_वाचक
साहेब, आमच्या आजोबांच्या दुकानात दोन्हीला धडाच म्हणायचे.

निवृत्त_अभियंता
दुकानात म्हणत असतील. वस्तू दोन आहेत.

गुऱ्हाळघर
न्हाई ओ, पासंग म्हंजे खोटा तराजू. आमच्यात 'त्याच्या तराजूला पासंग हाय' म्हणजे माणूस लबाड. तसं लिवलं तर सल्लागारच लबाड ठरायचा!

सातबारा
उशिरा आलो. तलाठी कचेरीत आयुष्य गेलं, म्हणून सांगतो: 'बोजा'. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढतो तेव्हा जमिनीतून काही जात नाही, नुसती नोंद होते. पण विकत घेणारा ती वाचूनच किंमत करतो. "ब यांच्या देकारावर ९.४ लाखांचा बोजा धरला." खेड्यातला विश्वस्तसुद्धा समजेल.

निवृत्त_अभियंता
पटण्यासारखं आहे. फक्त बोजा कधीतरी फेडावा लागतो. हा फेडायचा नसतो.

तिकटीवरचा
फेडायचा न्हाई कसा? समजा ब च निवडला असता, तर ते ८० पॉइंट कोण घालणार होतं? ४९ मध्येच घाल म्हणणार, का वर पैसे देणार?

निवृत्त_अभियंता
चांगलं विचारलंत. माझ्या मते ते आधीच मिटवायचं असतं. किमतीचा लिफाफा फोडण्यापूर्वी ब ला पत्र धाडायचं, "या बाबी निविदेप्रमाणे देणार का? हो किंवा नाही, लेखी." किमतीला हात न लावता 'हो' आलं तर काही घालायचं कारणच उरत नाही. 'नाही' आलं तर अपात्र करायचं की रक्कम घालून तुलना करायची, हे अटींवर. रक्कम घालूनही तोच पहिला आला तर करार त्याच्या देकाराच्या किमतीलाच करावा, असं मी मानतो. माझेच जुने सहकारी याच्या उलट सांगतात.

तिकटीवरचा
म्हंजे तुमच्यातच एकमत न्हाई आणि शब्द आम्ही शोधायचा.

उत्तरेश्वर_पेठ
मंडळी, आज कच्चा मसुदा दाखवून आले. 'भार' सगळीकडून काढला. लिहिलं, "ब यांनी न धरलेल्या बाबींची किंमत, फक्त तुलनेपुरती, ९.४ लाख." एका शब्दाच्या जागी आठ झाले, पण विजेवाल्यांनी मान डोलावली. तक्त्यातल्या रकान्याला मात्र छोटं शीर्षक लागतं, जागा दोन बोटांची. तिथे 'तुलनेची भर' लिहिलं. तर ट्रान्सपोर्टवाले विचारतात, "ही भर घालणार कोण?"

सातबारा
बोजा लिहा. दोन अक्षरांत बसतं.

शुद्धमती
'समायोजन'सुद्धा बसेल, अक्षर जरा बारीक करा.

गुऱ्हाळघर
मोडीवाले दादा, तुमच्या आजोबांचं दुकान गंगावेशीत होतं का ओ? धडा म्हणून एक फुटका वरवंटा ठेवायचे, तेच का?

मोडी_वाचक
वरवंटा नव्हे, अडकित्ता आणि दोन खिळे. दुकान गंगावेशीतच.