मदत हवी आहे: पदोन्नतीनंतर पगार १ जुलैला फिक्स झाला, जानेवारीचं इन्क्रिमेंट मात्र दिलं नाही

रामबागची_लेक

नमस्कार. मी इंदूरमध्ये एका केंद्र सरकारी कार्यालयात आहे. १२ फेब्रुवारी २०२४ ला माझी लेव्हल ४ मधून लेव्हल ६ मध्ये पदोन्नती झाली. तेव्हा बेसिक ३८६०० होतं आणि दरवर्षीची वेतनवाढ १ जुलैला असायची. सोबतच्यांनी सांगितलं म्हणून मी महिन्याच्या आत, ४ मार्चला, 'वेतननिश्चिती पुढच्या वेतनवाढीच्या तारखेपासून करावी' असा ऑप्शन लिहून दिला.

त्याप्रमाणे फेब्रुवारीपासून ३८७०० मिळाले आणि १ जुलै २०२४ पासून ४११००. इथपर्यंत ठीक. मला वाटलं होतं की १ जानेवारी २०२५ ला ४२३०० होतील, पण जानेवारीची स्लिप ४११०० वरच आली. आमच्या आस्थापनेतले बाबू म्हणतात, "जुलैत दोन वाढी एकदम घेतल्या ना, आता वर्ष होऊ द्या, पुढची जुलै २०२५." त्यांचं बरोबर आहे का? ऑप्शन देऊन मी चूक केली की काय, या विचाराने दोन दिवस झोप नाही.

सुदामानगरचे_मास्तर

ताई, जुलै म्हणजे जुलै. आमच्या शाळेत माझी क्रमोन्नती झाली तेव्हाही जुलैचीच वाढ कायम राहिली होती. जानेवारीचं मी तरी कुठे ऐकलं नाही. संकुलात जाऊन विचारा.

रामबागची_लेक

सर, तुमचं राज्य शासनाचं असेल. माझं केंद्राचं आहे.

हिशेब_पक्का

बाबूंचं म्हणणं अगदीच निराधार नाही. २०१६ च्या वेतन नियमांतला नियम १० सांगतो की वेतनवाढीच्या तारखा दोन, १ जानेवारी आणि १ जुलै, पण एका माणसाला वर्षात त्यातली एकच मिळते. तुम्ही १ जुलै २०२४ ला वाढ घेतली, म्हणजे जानेवारी गेली. माझ्या मते १२ फेब्रुवारीपासूनच फिक्सेशन घेतलं असतं तर फायदा झाला असता. लगेच एक वाढ मिळून ३९८००, लेव्हल ६ मध्ये तो आकडा नाही म्हणून वरचा ३९९००, आणि जानेवारीत ४११००. उगाच पाच महिने कमी पगार घेतलात.

निवृत्त_लेखाधिकारी

मी पस्तीस वर्षं हेच काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हिशेब_पक्का यांनी पदोन्नतीच्या तारखेचा हिशेब बरोबर मांडला, निष्कर्ष मात्र चुकला. नियम १० त्यांनी सांगितला तो खराच. पण ऑप्शन देणाऱ्याची पहिली वाढ कधी, हा घोळ बऱ्याच कार्यालयांत झाला होता. तो मिटवण्यासाठी वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाने २८ नोव्हेंबर २०१९ ला एक कार्यालयीन ज्ञापन काढलं. त्यात स्पष्ट आहे की ज्याचं वेतन ऑप्शनप्रमाणे १ जुलैला निश्चित झालं, त्याला पदोन्नतीच्या लेव्हलमधली पहिली वाढ सहा महिन्यांची अर्हताकारी सेवा झाल्यावर, म्हणजे १ जानेवारीला मिळते. त्यानंतरची वाढ एक वर्षाने. म्हणजे ताईंना १ जानेवारी २०२५ ला ४२३००, मग १ जानेवारी २०२६ ला ४३६००. वाढीची तारीख आता कायमची जानेवारी झाली.

बाबूंची गफलत कुठे होते ते सांगतो. १ जुलैला जे होतं ते लेव्हल ६ मधलं इन्क्रिमेंट नव्हे. त्या दिवशी आपण पुन्हा लेव्हल ४ मध्ये जातो. तिथे ३८६०० वर वार्षिक वाढ, ३९८००. मग पदोन्नतीची वाढ, ४१०००. आता हा आकडा लेव्हल ६ मध्ये शोधायचा. नाही सापडत, म्हणून त्याच्या वरचा, ४११००. दोन्ही पायऱ्या खालच्या लेव्हलमध्ये चढल्या, वरच्या लेव्हलमध्ये तुम्ही फक्त ठेवले गेलात. त्यामुळे लेव्हल ६ मधली पहिली वाढ अजून व्हायचीच होती. हे सर्व्हिस बुकात दोन वेगळ्या ओळींत लिहिलेलं असेल तर लगेच दिसतं. एकाच ओळीत 'दोन इन्क्रिमेंट' असं लिहिलं की पुढचा माणूस वर्षभर थांबवतो.

आता ऑप्शन फायद्याचा की तोट्याचा? फेब्रुवारीचे अठरा दिवस आणि पुढचे चार महिने मिळून बेसिकमध्ये साधारण साडेपाच हजार कमी मिळाले. जुलैपासून मात्र महिन्याला १२०० जास्त. नोव्हेंबरअखेर ते भरून निघालं, आणि जानेवारीची वाढ मिळाली की ही एक पायरी पुढेही टिकते. तेव्हा झोप घालवू नका, ऑप्शन बरोबरच दिलात.

हिशेब_पक्का

ते २०१९ चं ज्ञापन मी पाहिलंच नव्हतं. काका, चूक मान्य. पण पदोन्नती ऑगस्टमध्ये झाली असेल तर? तेव्हा पुढची वाढ अकरा महिने लांब असते.

निवृत्त_लेखाधिकारी

मग हिशेब वेगळा. तेव्हा अकरा महिने कमी पगार, आणि पुढच्या जुलैत दोघं बहुतेक एकाच सेलवर येतात. फायदा एवढाच की ऑप्शनवाल्याची पुढची वाढ सहा महिने आधी येते. हा तोटा भरायला काही वर्षं जातात. निवृत्तीला किती वर्षं उरली आहेत ते पाहून ठरवावं, सगळ्यांना एकच सल्ला मी देणार नाही.

ग्वाल्हेरचा_सुहास

काका, माझंही बघा ना. मला तीन वर्षांपूर्वी एमएसीपीत लेव्हल ६ मिळाली आणि आता त्याच लेव्हलच्या पदावर पदोन्नती आली आहे. मीही जुलैचा ऑप्शन देऊ का?

निवृत्त_लेखाधिकारी

सुहास, तुम्हाला त्या लेव्हलचा लाभ एमएसीपीतच मिळालेला आहे. त्याच लेव्हलच्या पदोन्नतीवर पुन्हा वेतननिश्चिती होत नाही, म्हणून ऑप्शनचा प्रश्नच येत नाही. वाढ आहे त्या तारखेला चालू राहील.

रामबागची_लेक

काका, खूप धीर आला. आज सर्व्हिस बुक मागून पाहिलं. १ जुलैची नोंद खरंच एका ओळीत आहे, आणि माझं ४ मार्चचं पत्र कुठेच चिकटवलेलं नाही. माझ्याकडे झेरॉक्स आहे, पण त्यावर आवकचा शिक्का नाही. यामुळे अडेल का?

निवृत्त_लेखाधिकारी

आवक रजिस्टरमध्ये मार्चच्या पहिल्या आठवड्याची नोंद शोधायला सांगा, तारखेची मुदत त्यावरच सिद्ध होते. नाही सापडली तरी कार्यालयाने स्वतः फेब्रुवारीत ३८७०० आणि जुलैत ४११०० असं निश्चित केलं आहे. ऑप्शनशिवाय असे आकडे येतच नाहीत, थेट ३९९०० आले असते. तो वेतननिश्चितीचा आदेश जोडा, २०१९ च्या ज्ञापनाची प्रत जोडा, आणि डीडीओंच्या नावे अर्ज करा. मागणी नेमकी लिहा: १ जानेवारी २०२५ पासून ४२३०० आणि फरकाची रक्कम. तोंडी बोलून ठेवू नका.

रामबागची_लेक

अर्ज सोमवारी दिला, या वेळी शिक्का घेतला. डीडीओ मॅडमनी ज्ञापन वाचलं आणि बरोबर आहे म्हणाल्या, पण फाईल वेतन व लेखा कार्यालयाला विचारून मगच पुढे नेतील. बेसिकचे १२००, त्यावर ५३ टक्के डीए आणि २० टक्के एचआरए धरून महिन्याला २०७६ रुपये अडकले आहेत. आवक रजिस्टर मात्र 'दुसऱ्या कपाटात आहे' म्हणतात, अजून कोणी काढून दाखवलेलं नाही. कोणाची अशी फाईल लेखा कार्यालयातून परत आली असेल तर किती दिवस लागले आणि काय हरकत घेतली होती, ते कृपया लिहा.