मदत हवी आहे: ‘किटो’ बिस्किटांतले ६ ग्रॅम नेट कार्ब खरे मानायचे का?

बाबांना टाइप २ डायबेटीस आहे, म्हणून कोथरूडच्या एका दुकानातून किटो बिस्किटं आणली. पुड्यावर ठळक लिहिलंय, १०० ग्रॅममागे नेट कार्ब ६ ग्रॅम. मागचा हिशोब असा: एकूण कार्ब ४२, त्यातून फायबर १४ आणि माल्टिटॉल २२ वजा.

सकाळी चार बिस्किटं (४० ग्रॅम) आणि बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा, एवढंच पोटात. साखर ११२ वरून तासाभरात १६१! नेट कार्ब तर जेमतेम अडीच ग्रॅम व्हायला हवे होते.

मग बारीक अक्षरं वाचली. माल्टिटॉल अर्धवट का होईना पचतं, म्हणजे ते पूर्ण वजा करणंच चूक. निम्मं धरलं तरी चार बिस्किटांत ६.८ ग्रॅम होतात. ‘फायबर’ म्हणून घातलंय आयसोमाल्टो-ओलिगोसॅकराइड, आणि तेही बऱ्यापैकी पचतं म्हणे. ही तर सरळ हातचलाखी वाटते.

चुरा गरम पाण्यात कालवून, गार करून त्यावर आयोडीनचे थेंबही टाकले. काळानिळा रंग आला. घटकांत फक्त बदामपीठ आणि नारळपीठ लिहिलंय, मग स्टार्च आला कुठून? अर्थात रंगावरून तो किती आहे ते कळत नाही, आणि माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर रंग धड येतही नाही.

पुण्यात कुणी खासगी लॅबमधून स्टार्च आणि फायबर मोजून घेतलंय का? नमुना किती लागतो, खर्च किती येतो? आणि माल्टिटॉल तुम्ही कितपत मोजता?