मदत हवी आहे: जपानी एन५, काउंटर आधी की पार्टिकल आधी?

सावली:
डिसेंबरच्या एन५ परीक्षेसाठी घरीच अभ्यास करते आहे. चार तुकडे योग्य क्रमाने लावून तारा असलेल्या जागी कोणता येतो ते सांगायचं, अशा सरावप्रश्नात अडकले आहे. वाक्य असं:

किनो ＿ ＿ ★ ＿ काइमाशिता.
तुकडे: ओ / मित्त्सु / मिसे दे / रिंगो

"काल दुकानातून तीन सफरचंदं घेतली" हा अर्थ कळला: मिसे दे म्हणजे दुकानात, रिंगो सफरचंद, मित्त्सु तीन. मी "मिसे दे मित्त्सु रिंगो ओ" असं लावलं, म्हणजे ताऱ्याच्या जागी रिंगो. उत्तरसूचीत तिथे ओ आहे. मराठीत आकडा नामाच्या आधी येतो, मग इथे का नाही? शिवाय पेन्सिली मोजताना सान्बोन, पण दोन असल्या की निहोन, हेही पाठ होत नाही.

घाटवाट:
सोपं आहे. आधी वस्तू, मग ओ किंवा गा हा पार्टिकल, म्हणजे आपल्या विभक्तिप्रत्ययासारखा नामामागे लागणारा शब्द, मग आकडा आणि काउंटर, म्हणजे वस्तूच्या प्रकाराप्रमाणे बदलणारा मोजणीचा शब्द, शेवटी क्रियापद: रिंगो ओ मित्त्सु काइमाशिता. काउंटरनंतर पार्टिकल कधीच येत नाही. एवढं लक्षात ठेवा, सगळे प्रश्न सुटतील.

शांघायवासी:
आमच्याकडे उलट आहे हो. तीन पुस्तकं म्हणजे 'सान बन शू', काउंटर मध्ये आणि नाम शेवटी. चिनीत 'बन' पुस्तकांसाठी वापरतात. तुमच्या उत्तरसूचीतच चूक नाही ना?

जपानीशिकवते:
@शांघायवासी, प्रश्न जपानीचा आहे, उत्तरसूची बरोबर आहे. तुमच्या 'बन'चं चित्राक्षर जपानीतही आहे, पण तिथे त्याने पेन्सिल, छत्री, बाटली अशा लांबट वस्तू मोजतात. सावली विचारते आहे तो 'होन' हाच. पुस्तकांना जपानीत 'सात्सु'. चिनीतून जपानीकडे येणारे इथे हमखास फसतात.

सावली, आकडा आधी असतो हे मराठीतही पूर्ण खरं नाही. "भाकऱ्या दोन घे", "पोरं तिघं आली" असं आपण बोलतोच की. तिथे आकडा नामाला सोडून क्रियापदाकडे सरकतो. जपानीत हीच नेहमीची चाल आहे. म्हणून सराव असा कर: आधी आकड्याशिवाय वाक्य पूर्ण कर, मिसे दे रिंगो ओ काइमाशिता. 'ओ' रिंगोला चिकटलेला आहे, त्यांना तोडू नकोस. आता मित्त्सु क्रियापदाच्या अगदी आधी ठेव. चार जागा भरल्या: मिसे दे, रिंगो, ओ, मित्त्सु. तिसरी ओ.

आकडा आधीच ठेवायचा असेल तर मध्ये 'नो' लागतो: मित्त्सु नो रिंगो ओ. मात्र त्यात 'ती ठरावीक तीन' अशी छटा येऊ शकते, म्हणून साध्या खरेदीच्या वाक्यात सहसा पहिलीच रचना. तुझ्या तुकड्यांत नो नाही, हीच खूण आहे.

@घाटवाट, "कधीच नाही" हे टिकणार नाही. फुतात्सु दे ह्याकुएन, म्हणजे दोन मिळून शंभर येन. इथे काउंटरनंतर 'दे' आहे. सान्बोन मो म्हटलं तर "तब्बल तीन". शिवाय तुमचा क्रम ओ आणि गा यांच्यापुरता चालतो, 'नि' आला की अडतो. "तीन विद्यार्थ्यांना भेटलो" याला गाकुसेई नि सान्निन आइमाशिता म्हणून चालत नाही. सान्निन नो गाकुसेई नि आइमाशिता म्हणावं लागतं.

घाटवाट:
'दे'चं मान्य. 'नि'चं उदाहरण मी कधी पाहिलंच नव्हतं.

सावली:
आकडा बाजूला ठेवून आधी वाक्य पुरं करायचं, हे लगेच जमलं. नेको गा निहिकि इमासु, एन्पित्सु गा सान्बोन आरिमासु हीही तशीच लावली. आता बोन, होन, पोन?

जपानीशिकवते:
दहाही एकदम पाठ करू नकोस. एक, सहा, आठ आणि दहा यांना पोन: इप्पोन, रोप्पोन, हाप्पोन, ज्युप्पोन. तीनला बोन. बाकी सगळे होन. मांजरांचा 'हिकि' याच वाटेने जातो: इप्पिकि, साम्बिकि. कागदाचा 'माइ' मात्र कुठेच बदलत नाही, म्हणून सराव त्याच्यापासून सुरू कर. माणसांना पहिले दोन अगदी वेगळे: हितोरि, फुतारि. आपल्या दोघं-तिघंसारखंच, फक्त तिथे तिसऱ्यापासून सरळ सान्निन, चारला तेवढं योन्निन नाही, योनिन.

सावली:
एक राहिलं. एका मालिकेत बाई "मित्त्सु, रिंगो ओ" असं थोडं थांबून म्हणते. मग ते चूक कसं?

जपानीशिकवते:
बोलताना आकडा पुढे आणतात, ते चूक म्हणता येणार नाही. परीक्षेत नेहमीचा क्रम धरतात, म्हणून तिथे ओ. पण वर्गात कुणी असं लिहिलं तर गुण कापावेत का, यावर आम्हा शिकवणाऱ्यांतच एकमत नाही. मी कापत नाही, शेजारच्या वर्गातल्या बाई कापतात.