मदत हवी आहे: इंजिन a6 ही चाल सर्वोत्तम म्हणते, तिच्यामागचा हेतू कसा शोधावा?

कडेचे_प्यादे: रविवारी कोथरूडमधल्या एका बुद्धिबळ स्पर्धेत काळ्या मोहऱ्यांनी खेळताना मी पाचव्या चालीला e5 खेळलो आणि डाव हरलो. घरी येऊन इंजिन लावले, तर ते तिथे a6 सुचवते. या चालीने मोहरे बाहेर येत नाही, कशावर हल्लाही होत नाही. इंजिनाने दाखवलेली पुढची लांबलचक ओळ वाचली, तरी अर्थ लागला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा खेळायचे आहे, त्यामुळे कृपया लवकर सांगावे.

सुमेधा_पर्वती: आधीच्या चार चाली कोणत्या? त्यांच्याशिवाय a6 बद्दल काहीही बोलणे व्यर्थ आहे.

कडेचे_प्यादे: सिसिलियन आहे हे उघड वाटल्यामुळे लिहिले नव्हते.

```
1.e4 c5 2.Nf3 d6 3.d4 cxd4 4.Nxd4 Nf6 5.Nc3
```

निवृत्त_वजीर: हा तर नायडॉर्फ प्रकार, फिशर आणि कास्पारोव्ह आयुष्यभर खेळले. पांढऱ्याचा घोडा किंवा उंट b5 वर येऊ नये, एवढाच a6 चा अर्थ आहे. यात शोधण्यासारखे काही नाही.

ओंकार_हडपसर: माझ्या मुलाच्या संगणकावरही इंजिन अशाच विचित्र चाली दाखवत असे. त्याला बराच वेळ विचार करू द्या, खोली वाढली की चाल बदलते.

सुमेधा_पर्वती: ओंकारजी, खोली वाढवल्याने चालीवरचा विश्वास वाढेल, पण तिचे कारण समजणार नाही. वजीरकाकांचे म्हणणे खरे आहे, मात्र b5 वरच्या शहाने एवढे काय बिघडते, हा प्रश्न तसाच राहतो. इंजिनाची आवडती ओळ वाचून त्याचे उत्तर मिळत नाही, कारण जी आपत्ती a6 ने टळली ती त्या ओळीत कुठेच दिसत नाही. म्हणून पटावर इंजिनाची चाल न करता आपली e5 करावी आणि पांढरा तिला कसे उत्तर देतो ते पाहावे.

उत्तर येते 6.Bb5+. आता शह अडवण्याचा प्रत्येक मार्ग तपासा. c6 वर घोडा आणला तर 7.Nxc6 bxc6 8.Bxc6+ नंतर राजा आणि a8 वरचा हत्ती एकाच वेळी उंटाच्या माऱ्यात येतात. उरते d7 हे घर. तिथे उंट ठेवला तर पांढरा अदलाबदल करतो; घोडा ठेवला तर c8 वरच्या आपल्याच उंटाची वाट बंद होते. दोन्ही वेळा f5 वर नजर ठेवणारा उंट निकामी होतो आणि पांढऱ्याचा घोडा तिथे जाऊन बसतो. अदलाबदलीनंतर त्याला g6 ने हुसकावले तरी तो e3 वर येऊन d5 वर नजर ठेवतो. म्हणजे a6 वरचे प्यादे b5 अडवून पटाच्या दुसऱ्या टोकाचे f5 राखते आणि त्यामुळेच पुढे e5 शक्य होते.

निवृत्त_वजीर: हे पटते. पण कार्लसनने 2018 च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कारुआनाविरुद्ध स्वेश्निकोव्ह प्रकार खेळला, त्यात तर काळा a6 न करता पाचव्या चालीलाच e5 करतो. मग?

सुमेधा_पर्वती: तिथे काळा दुसऱ्या चालीलाच b8 चा घोडा c6 वर आणतो, त्यामुळे b5 वरून शह बसतच नाही. इंजिनाचे कारण त्याच पटापुरते असते, त्याचा नियम करू नये.

लिचेसवर दुसरा उपायही आहे. a6 केल्यावर विश्लेषणात `x` कळ दाबली, की पांढऱ्याने एक चाल सोडली असती तर काळ्याने काय केले असते ते बाणाने दिसते. मात्र पांढऱ्याने 6.Bg5 खेळल्यास e5 करू नका, कारण 7.Bxf6 Qxf6 8.Nd5 नंतर घोडा वजिरावरच हल्ला करत d5 वर येतो. तिथे e6 योग्य.

कडेचे_प्यादे: आभारी आहे. एक सांगायचे राहिले: माझ्या प्रतिस्पर्ध्याने b5 वर शह दिलाच नव्हता, त्याने घोडा मागे b3 वर नेला होता.

सुमेधा_पर्वती: मग तुम्ही e5 मुळे हरला नाहीत. प्रतिस्पर्धी सर्वोत्तम उत्तर देईल, असे धरूनच इंजिन तिला कमी लेखते. त्याला ते दिसले नाही आणि तुम्ही सुटलात. सहाव्या चालीपासून संपूर्ण डाव द्या.

कडेचे_प्यादे: कागद स्पर्धेच्या पिशवीत आहे, संध्याकाळी लिहितो. तेरावी चाल इंजिनाने लाल दाखवली होती, पण ती मला बरोबरच वाटते.

ओंकार_हडपसर: खोली किती ठेवली होती?