मदत हवी आहे: ऑफर लेटरमधला स्थलांतर खर्च कसा मागावा?

नमस्कार मंडळी, नोकरीसाठी नागपूरहून पुण्याला आलोय. ऑफर लेटरमध्ये स्पष्ट लिहिलंय की स्थलांतराचा खर्च प्रत्यक्ष बिलांवर, जास्तीत जास्त ६०,००० रुपयांपर्यंत मिळेल आणि बिलं रुजू झाल्यापासून ६० दिवसांत द्यावीत. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर पैसे परत करायचे, हीसुद्धा अट आहे. ती मला मान्यच आहे.

सामान हलवणाऱ्यांचं बिल ३८,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४४,८४० रुपये झालं. मी आधीच रुजू झालो होतो, त्यामुळे ट्रक भरताना घरी बाबा होते आणि बिल त्यांच्या नावावर फाटलं. पैसे मात्र माझ्याच खात्यातून यूपीआयने गेलेत. बिल्टीवर माझा पुण्याचा पत्ता आहे.

मुदतीत सगळं पाठवलं. आता एचआर म्हणतं, बिल तुमच्या नावावर नाही, आणि तसंही पैसे प्रोबेशन संपल्यावरच मिळतात. ही दुसरी अट पत्रात कुठेच नाही! फोनवर सांगतात, लेखी काही देत नाहीत. घराचं डिपॉझिट भरून हात रिकामा झालाय, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

बँक स्टेटमेंट, बिल्टी आणि बाबांचं पत्र जोडलं तर चालतं का, की वाहतूकवाल्याकडून नाव दुरुस्त करून घ्यावं? जीएसटीचं बिल नंतर बदलून देतात का? आणि मेलमध्ये ऑफर लेटरचं कलम उद्धृत करून मॅनेजरना सीसी करावं, की नवीन माणसाने आधी फक्त एचआरलाच लिहावं? एचआर किंवा अकाउंट्समधल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.