मदत हवी आहे: नुसत्या गुणांवरून सीजीपीए कसा काढू?

नमस्कार मंडळी. भाचीने इंदूरच्या कॉलेजातले सहा विषयांचे गुण पाठवलेत, खाली एकच ओळ: "मामा, सीजीपीए काढून दे." क्रेडिटचा पत्ताच नाही! समजा थिअरी 4 क्रेडिट, ग्रेड पॉइंट 7. प्रॅक्टिकल 1 क्रेडिट, पॉइंट 10. सरळ सरासरी 8.5 येते, पण क्रेडिटने गुणून 38 भागिले 5, म्हणजे 7.6. शिवाय तिच्या 78 गुणांना 8 पॉइंट की 9, ते विद्यापीठाचा तक्ता ठरवतो. आणि गुण एकाच सेमिस्टरचे, म्हणजे खरं तर हा एसजीपीए. मार्कशीटची मागची बाजू बाईसाहेबांनी स्कॅनच केली नाही. इथे बी.एस्सी. करणाऱ्या कुणाकडे ग्रेडचा तक्ता आणि पहिल्या सेमिस्टरचे क्रेडिट आहेत का? प्रवेशाचं वर्षही सांगा, योजना बदलते.