मदत हवी आहे: खालच्या आजींच्या चिठ्ठीला उत्तर कसं लिहू? (जर्मनी)

मीठमोहरी: आम्ही श्टुटगार्टजवळ तिसऱ्या मजल्यावर राहतो. काल दाराच्या फटीत हाताने लिहिलेली चिठ्ठी सापडली. फोटो काढून ॲपमध्ये टाकला, तर मराठीत हे आलं: "प्रिय कुटुंब, ७३ ते ७५ वाजता दुपारच्या शांततेकडे लक्ष द्या. खुन्यासह ठोकणे आणि मुलाचे धावणे मला झोपण्याच्या खोलीत मोठ्याने ऐकू येते. माझ्या शस्त्रक्रियेपासून मी दुपारी पडून असते. संध्याकाळी मला त्रास होतो."

"खुन्यासह" वाचून नवऱ्याने दाराची साखळीच लावली. मी उत्तर लिहिलंय: "आपण क्षमा करावी. संध्याकाळी ७ नंतर मुलगा धावणार नाही, कुकरची शिट्टीही होणार नाही." हे जर्मन करून टाकू का?

टाचणी: आमच्या पुण्यातल्या सोसायटीतही वरचे रात्री ११ला फर्निचर ओढतात. मी सरळ सेक्रेटरीकडे लेखी तक्रार दिली. तुम्हीही द्या.

मीठमोहरी: अहो, तक्रार माझ्यावरच आहे!

दुपारचाचहा: घाबरू नका. लहान मुलांचा आवाज जर्मनीत कायद्यानेच चालतो, २०११ साली तसा बदल झालाय. एक ओळही लिहायची गरज नाही.

जुनाभाडेकरू: तो बदल पाळणाघरं आणि खेळाच्या मैदानांबद्दल आहे. घरातल्या लहान मुलाला न्यायालयं बरंच सांभाळून घेतात हे खरं, पण विश्रांतीच्या वेळेत आईबापांनी आवरायचा प्रयत्न करावा अशी अपेक्षा असतेच.

ताई, उत्तर अजिबात टाकू नका. आधी चिठ्ठी नीट वाचू. इथले जुने लोक १ काढताना आधी खालून लांब तिरपी रेघ वर नेतात, त्यामुळे ॲपला तो ७ वाटतो. त्यांच्या ७ला मधोमध आडवी रेघ असते. तुमच्या कागदावर ती आहे का? नसेल तर वेळ १३ ते १५ आहे. बऱ्याच इमारतींच्या नियमांत दुपारची शांतता हीच असते, तुमची हाउसऑर्डनुंग काढून बघा. आणि खुनी म्हणजे म्योर्डर. त्यातला एक ड चुकून वाचला गेलाय, मूळ शब्द म्योर्झर असणार. तुम्ही खलबत्ता वापरता का?

मीठमोहरी: आडवी रेघ नाही! आणि हो, रोज दीडच्या सुमारास दाण्याचं कूट करते, ओट्यावर. 🤦

जुनाभाडेकरू: मग खुनी सापडला. आता शेवटचं वाक्य. जर्मनमध्ये "नाही" हा शब्द, निश्त, पुष्कळदा वाक्याच्या अगदी टोकाला येतो. फोटोत कागदाची खालची कड कापली गेलीय का?

मीठमोहरी: थांबा, बघते… माझा अंगठा आलाय तिथे. त्याखाली एकटाच शब्द आहे, n ने सुरू होणारा.

जुनाभाडेकरू: म्हणजे त्या म्हणताहेत, संध्याकाळी मला त्रास होत *नाही*. तुम्ही नेमकी उलटी वेळ कबूल करणार होतात. यापुढे खिडकीपाशी, सावली न पडता, दोन-दोन ओळींचा फोटो काढा. मग जे वाचलं जाईल ते जर्मनमध्येच टाइप करा, कागदाशी ताडून बघा आणि त्यानंतर भाषांतर करा.

तुमच्या मजकुरात दोन फेरफार. "आपण"चं भाषांतर "आम्ही" होऊ शकतं आणि क्षमा कोण कोणाला करतंय ते उलटतं, म्हणून "तुम्ही" लिहा. जर्मनमध्ये तिथे "झी" आलंय ना ते पाहा, "डू" म्हणजे एकेरी होईल. कुकरच्या शिट्टीचं वाक्य काढाच, त्यांनी कुकरचं नावही घेतलेलं नाही.

लाटणं: मिक्सर घ्या की, प्रश्नच मिटला.

मीठमोहरी: मिक्सरमधल्या कुटाला तेल सुटतं हो.

जुनाभाडेकरू: वेळ बदलली तरी पुरे. खलबत्त्याखाली चौपदरी टॉवेल ठेवा. ठोका ओट्यातून भिंतीत आणि भिंतीतून खाली जातो, हवेतून फारसा नाही. मुलाबद्दल "धावणार नाही" लिहू नका, तीन वर्षांचं पोर ते पाळणार नाही.

मीठमोहरी: आता असं लिहिलंय:

"नमस्कार. तुमच्या चिठ्ठीबद्दल आभार. दुपारी तुम्हाला त्रास झाला याचं मला वाईट वाटतं. आवाज खलबत्त्याचा होता. तो मी आता सकाळी ११च्या आत वापरीन आणि खाली टॉवेल ठेवीन. १३ ते १५ या वेळेत मुलाला शक्यतो शांत खेळात गुंतवू. तरीही आवाज आला तर कृपया बेल वाजवा. तुम्हाला लवकर बरं वाटो. तिसरा मजला," आणि खाली बेलवरचं आडनाव.

जुनाभाडेकरू: छान. जर्मन झालं की ते उलट मराठीत आणून एकदा वाचा. "वाईट वाटतं"चं "तुम्ही वाईट आहात" झालं नाही ना, एवढं बघा.

लाटणं: सोबत दाण्याचे लाडू द्या!

दुपारचाचहा: दाण्याची ॲलर्जी असली तर? आधी नुसती चिठ्ठी.

लाटणं: रिकाम्या हाताने कोण जातं शेजारी?

मीठमोहरी: चिठ्ठी आत्ता त्यांच्या पत्रपेटीत टाकली. लाडवांवरून घरातही दोन तट पडलेत.